हवामान आणि कीड सल्ला, सोप्या मराठीत: कपाशी व सोयाबीन, दक्षिण यवतमाळ

मंगळवार, १८ ऑगस्ट २०२६
तालुके: केळापूर, वणी, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी
हा सल्ला रविवार, २३ ऑगस्टपर्यंत लागू. पुढचा सल्ला शुक्रवारी, २१ तारखेला.

आधी हे तीन मुद्दे

१. गुरुवारी (२० ऑगस्ट) मुसळधार पाऊस आणि विजांचा नारंगी इशारा आहे. नारंगी म्हणजे तयारीत राहा.
२. शनिवारपर्यंत कोणताही फवारा मारू नका आणि युरिया फेकू नका. दोन्ही वाहून जातील.
३. शेतातले पाणी काढायचे चर बुधवारी दुपारच्या आत मोकळे करा.

पाऊस किती, कधी

बुधवार, १९: १० ते २० मिमी, दुपारनंतर विजा. पिवळा इशारा (लक्ष ठेवा).
गुरुवार, २०: तुरळक ठिकाणी ७० ते ११० मिमी, वारा ताशी ३० ते ४० किमी. नारंगी इशारा.
शुक्रवार, २१: ३० ते ५० मिमी. पिवळा इशारा.
शनिवार, २२: ५ ते १० मिमी.
रविवार, २३: बहुतेक कोरडे, वारा मंद.

दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंत मोजतात. म्हणजे गुरुवारच्या आकड्यात शुक्रवारी पहाटे पडणारा पाऊसही धरलेला आहे. गुरुवारी दिवसभर उघडीप दिसली तरी रात्री गाफील राहू नका.

"तुरळक ठिकाणी" म्हणजे फार तर चार ठिकाणांपैकी एका ठिकाणी. हे ठिकाण तुमचे गाव असेल की शेजारचे, ते आधी सांगता येत नाही. तयारी मात्र सगळ्यांनी करायची आहे.

१ मिमी पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. १०० मिमी पडला तर एकरी ४ लाख लिटर. भारी काळ्या जमिनीत हे पाणी लवकर मुरत नाही. उताराच्या दिशेने चर काढले नाहीत तर मुळांना हवा मिळत नाही आणि कपाशी उभ्या उभ्या सुकते.

विजांपासून सावध

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात मोजा. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ किंवा तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका, मोटारीच्या पेटीला हात लावू नका. बैल, गाई, शेळ्या झाडाला बांधू नका. उघड्या रानात अडकलात तर दोन्ही पाय जोडून उकिडवे बसा. आडवे झोपू नका.

कपाशी: गुलाबी बोंडअळी

जूनच्या मध्याला लावलेली कपाशी आता साधारण ६० ते ६५ दिवसांची आहे, फुले लागली आहेत. अळी फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. हीच डोमकळी. पुढे अळी बोंडात जाते. ती शिरते ते भोक बुजून जाते, त्यामुळे बोंड वरून निरोगी दिसते. फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पाऊस सुरू होण्याआधी, म्हणजे बुधवारी सकाळीच मोजणी करा:

कामगंध सापळे एकरी २ लावा, पिकाच्या टोकापासून साधारण एक फूट उंच. रोज सकाळी पतंग मोजून काढून टाका.
शेतात फिरून १०० फुले पाहा, डोमकळ्या किती ते मोजा.
जिथे बोंडे धरली आहेत तिथे २० झाडांवरून प्रत्येकी १ हिरवे बोंड तोडून फोडा.

यापैकी एक जरी आढळले तर फवारणीची वेळ आली असे समजा:
– एका सापळ्यात रात्री ८ किंवा जास्त पतंग, सलग ३ रात्री
– १०० फुलांत १० किंवा जास्त डोमकळ्या
– २० बोंडांत २ किंवा जास्त किडकी

पावसाच्या रात्री पतंग कमी येतात. गुरुवारी सापळा रिकामा दिसला म्हणून कीड गेली असे धरू नका. शनिवारपासून पुन्हा मोजा.

डोमकळ्या दिसतील तशा तोडून पिशवीत जमा करा आणि खोल पुरा. बांधावर फेकल्या तर अळी तिथेच वाढते.

*मर्यादेच्या खाली असेल तर:* रविवारी अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम, १० लिटर पाण्याला ५० मिली.

*मर्यादा ओलांडली असेल तर:* रविवारी इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी, १० लिटर पाण्याला ४ ग्रॅम, एकरी ८० ग्रॅम, पाणी एकरी २०० लिटर.

सायपरमेथ्रीनसारखी औषधे आता वापरू नका. त्यांनी मित्रकिडी मरतात आणि पांढरी माशी वाढते.

पंपाचे माप इथे चुकते

वरची मात्रा १० लिटर पाण्याची आहे. बहुतेकांकडे बॅटरीचा पंप १६ लिटरचा असतो. त्यात ४ ग्रॅम टाकले तर औषध कमी पडते, अंदाजाने झाकणभर टाकले तर जास्त. सोपा मार्ग: एका एकराचे ८० ग्रॅम औषध थोड्या पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा. १० लिटरच्या पंपात त्यातले ५० मिली, १६ लिटरच्या पंपात ८० मिली. एकरात १० लिटरचे २० पंप किंवा १६ लिटरचे साडेबारा पंप बसतात. प्रत्येक वेळी ढवळून घ्या, त्याच दिवशी संपवा. बाटलीवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा. पिण्याच्या पाण्याची बाटली वापरू नका.

पेट्रोल पंपाला पाणी कमी लागते, पण एकरी औषध ८० ग्रॅमच.

सोयाबीन

शेंगा धरलेल्या पिकात ओळीत १ मीटर अंतरात हिरव्या उंटअळ्या ३ किंवा जास्त असतील तर क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी, १० लिटरला ३ मिली, एकरी ६० मिली. हेही रविवारीच. चक्रभुंग्याने देठावर दोन खाचा केलेल्या फांद्या खाचेच्या खालून तोडून नष्ट करा.

पाऊस थांबल्यावर

कपाशी अचानक माना टाकू लागली तर आधी पाणी काढा. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी १५० ते २०० मिली ओता आणि माती पायाने दाबा. झाड सुकायला लागल्यापासून एक-दोन दिवसांत केले तरच उपयोग होतो. वाफसा येईपर्यंत डवरणी नको.

रविवारी फवारताना

पाने कोरडी झाल्यावर सुरू करा, सकाळी ११ च्या आत संपवा. पुढचे ४ ते ६ तास पावसाची चिन्हे असतील तर थांबा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. कपाशी छातीच्या वर गेली असेल तर फवारा अंगावर येतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क हवाच. दोन कीटकनाशके एकत्र करू नका. उपाशीपोटी फवारू नका, मध्येच तंबाखू-बिडी नको.

खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, मळमळ किंवा श्वासाला त्रास झाला तर काम तिथेच थांबवा. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. घरी पडून राहून बरे वाटेल याची वाट पाहू नका.

पिकाबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटर: १८००-१८०-१५५१, फोन मोफत.