सर्पदंश वेबिनार : सातच्या आधी आलेल्यांसाठी

नमस्कार, नमस्कार. या, सगळ्यांचं स्वागत. सात वाजायला अजून बारा मिनिटं आहेत आणि डॉक्टर बरोबर सातला बोलायला सुरुवात करतील. तोवर एक काम करा, माझा आवाज नीट पोचतोय का ते चॅटमध्ये लिहा आणि सोबत गाव-तालुका टाका. हां, पालघर, आवाज येतोय. भोकरदन, येतोय. वेल्हे, पोलादपूर, सिन्नर… अक्कलकुव्याच्या ताई लिहितायत की आवाज तुटतोय. ताई, तुमचा व्हिडिओ बंद करून बघा, रेंज कमी असली की त्याने फरक पडतो. आणि सगळ्यांनीच माइक म्यूटवर ठेवा, मागे कुकरची शिट्टी झाली की बोलणाऱ्याचं वाक्य जातं.

नव्याने आलेल्यांना सांगते, तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. आजचा विषय आहे साप चावल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ. आज बोलणारे डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात काम करतात आणि पावसाळाभर असे रुग्ण बघतात. मृग तोंडावर आलाय, पेरण्या सुरू होतील, बिळात पाणी शिरलं की साप बाहेर पडतील. म्हणून ही बैठक आत्ताच ठेवली.

सगळ्यात आधी एक महत्त्वाचं. तुमच्या घरात किंवा शेजारी आत्ता कुणाला साप चावला असेल तर चॅटमध्ये लिहीत बसू नका. 108 ला फोन लावा, किंवा जी गाडी हाताशी असेल ती काढा आणि निघा. वेबिनार राहू द्या.

आता प्रश्नांचं. खाली चॅटचं चिन्ह आहे, ते दाबलं की लिहायची जागा उघडते. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, रोमन अक्षरात लिहा, सगळं चालेल. टाइप करायला अवघड जात असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, अक्षरं आपोआप उमटतात. हे प्रश्न मी आत्ताच गोळा करतेय, कारण कुठल्या गोष्टीला किती वेळ द्यायचा ते डॉक्टर त्यावरून ठरवणार आहेत.

‘साप चावल्यावर काय करावं’ हा प्रश्न तीन-चार जणांनी टाकलाय. बरोबर आहे, पण त्याचं उत्तर पहिल्या वीस मिनिटांत येणारच आहे. तुम्ही घडलेला प्रसंग लिहा. किती वाजता, कुठे, काय दिसलं, काय केलं. हे बघा, सुरगाण्याहून एका आशाताईंनी लिहिलंय: ‘मुलगी जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात दुखतंय म्हणाली. अंगावर खूण नव्हती. सकाळी डोळे उघडेनात.’ असा प्रश्न हवा. या चार वाक्यांत डॉक्टरांना कितीतरी कळतं. मण्यार रात्री चावतो, वेदना फार होत नाहीत, दाताच्या खुणा कधीकधी दिसतही नाहीत, आणि पापण्या जड होईपर्यंत घरच्यांना वाटत राहतं की पोटाचंच दुखणं आहे. ताई, तुमचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवलाय. रुग्णाचं नाव मात्र कुणीही लिहू नका, वय आणि गाव पुरे.

सापाचं नाव माहीत नसेल तर अडू नका. तुमच्याकडे त्याला जे म्हणतात ते लिहा, रंग, पट्टे, जाडी सांगा. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं असतं. कोकणातून आलेल्यांनी चापड्याबद्दल जरूर विचारा, तो या चारांत नाही आणि त्याच्यावर उपचार कसे करतात हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं. साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, त्याच्यामागे धावताना दुसरा माणूस चावून घेतो.

या, या, बसून घ्या. आठ मिनिटं उरली. शिरूरहून शिक्षक आलेत, शाळेत पटांगणाला लागून गवत आहे म्हणतात. लिहा सर, मुलांना शिकवण्याजोगं काय, ते विचारा.

एक दादा विचारतायत, लहान मुलाला इंजेक्शन अर्धं देतात का. फार चांगला प्रश्न. डॉक्टर सविस्तर सांगतीलच, पण मनात शंका घेऊन बसू नका म्हणून एवढं सांगते: मूल लहान म्हणून प्रतिविषाचा डोस कमी करत नाहीत. साप मुलाला पाहून विष कमी सोडत नाही. 

आणि हा एक प्रश्न, ज्यासाठी मला ही बैठक घ्यावीशी वाटली: ‘घरचे आधी भगताकडे नेतात, आम्ही काय बोलायचं?’ यावर मोकळेपणाने लिहा. तुमच्या घरात असं झालं असेल तरी लिहा, इथे कुणी कुणाला बोल लावणार नाही. चावलेले कितीतरी साप बिनविषारी असतात, बिनविषारीचा माणूस कुठेही नेला तरी बरा होतो आणि त्याचं श्रेय मंत्राला मिळतं. पुढच्या वेळी मण्यार किंवा घोणस असते आणि तोच विश्वास तास-दोन तास खाऊन टाकतो. भारतात वर्षाला सुमारे 58,000 माणसं सर्पदंशाने जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रतिविष आपल्याच देशात तयार होतं, मुंबईत परळच्या हाफकिनचं नाव तर तुम्ही ऐकलंच असेल. औषध आहे, माणूस त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो, मला याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. म्हणून, कुठल्या शब्दांत समजावलं तर तुमच्या गावात ऐकलं गेलं, तेही लिहा. ते डॉक्टरांपेक्षा तुम्हालाच जास्त माहीत आहे.

दोरी आवळून बांधण्याबद्दल बरेच जण विचारतायत. बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये. का, ते डॉक्टर सांगतील. चावलेल्या हातापायातल्या बांगड्या, अंगठी, जोडवी, काळा दोरा मात्र लगेच काढा, सूज चढली की ते रुतून बसतं.

नुकसानभरपाईचे प्रश्नही दिसतायत. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, सर्पदंशाने मृत्यू झाला तर तिचा विचार होतो. त्यावर शेवटी दहा मिनिटं ठेवलीत, आत्ता उपचारांचेच प्रश्न पुढे घेते.

दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टर, तुम्हीही लिहा. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायची तपासणी, तिच्यात तुम्हाला कुठे अडतं? नळी ओली असते का, प्लास्टिकची मिळते का, रात्रपाळीत एकट्याने घड्याळ बघणं जमतं का? तुमच्या अडचणी कळल्या तर डॉक्टर तेवढ्यावरच नेमकं बोलतील.

डॉक्टर जोडले गेलेत. सर, नमस्कार, आवाज येतोय तुमचा. चॅट उघडं ठेवा, सुरगाण्याच्या ताईंचा प्रश्न पहिला आहे, भगताकडे नेण्याचा दुसरा. अजून दोन मिनिटं आहेत, ज्यांनी लिहायला घेतलंय त्यांनी पूर्ण करून पाठवा.