'सेंड' दाबल्यानंतर

(पडद्यावर: लिहून तयार असलेला ईमेल. 'सेंड'च्या बटणावर बोट.)

नमस्कार मंडळी. मीराने अनिलला चार ओळींचा मेल लिहिलाय. तिने 'सेंड' दाबलं, स्क्रीनवर 'सेंट' असं आलं आणि ती दुसऱ्या कामाला लागली. मेल अनिलकडे पोहोचला असणार असं आपण धरून चालतो. पण त्या घडीला तो असतो मीरा ज्यांची ईमेल सेवा वापरते, त्यांच्याच सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवलेला कॉम्प्युटर. मेल एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट कधी जातच नाही. एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जातो आणि तिथे थांबतो. म्हणून अनिलचा फोन बंद असला तरी काही बिघडत नाही.

(पडद्यावर: anil@example.org. मधलं चिन्ह मोठं होतं.)

हे @ चिन्ह मेलसाठी निवडलं रे टॉमलिन्सन या अमेरिकी इंजिनिअरने, 1971 साली. डावीकडे माणूस, उजवीकडे ठिकाण. मीराच्या सर्व्हरला आत्ता अनिलशी काही देणंघेणं नाही, तो फक्त उजवीकडचं बघतो आणि डीएनएस नावाच्या यंत्रणेला विचारतो, "example.org चे मेल कोण घेतं?" डीएनएस म्हणजे इंटरनेटची नावनोंदणी. तिथून त्या सर्व्हरचं नाव मिळतं, मग त्याचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता. यंत्रांना एकमेकांपर्यंत पोहोचायला आकडेच लागतात.

आता प्रत्यक्ष वाट. मेल अखंड जात नाही, त्याचे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात आणि एक पॅकेट साधारण 1500 बाइटपर्यंतचं असतं. वाटेतले राउटर प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता बघून ते पुढे ढकलतात. गरज पडली तर पॅकेट समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधूनही जातं. तिथे काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. एखादं पॅकेट गहाळ झालं तर तेवढंच पुन्हा मागवलं जातं, आणि क्रमांक बघून सगळी जुळवली जातात. त्यामुळे मेलला उशीर झाला की अंतराला दोष देऊ नका. बहुतेक वेळा तो कुठल्यातरी सर्व्हरवर रांगेत किंवा तपासणीत अडकलेला असतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. दोन सर्व्हर भेटले की चक्क बोलतात, तेही वाचता येईल अशा अक्षरांत. ही बोली म्हणजे एसएमटीपी. तिचे नियम 1982 मध्ये ठरले आणि गाभा अजून तोच आहे.

(पडद्यावर, एकेक ओळ उमटते:)

```
EHLO mail.example.com
250 mx.example.org
MAIL FROM:<meera@example.com>
250 OK
RCPT TO:<anil@example.org>
250 OK
DATA
```

मीराचा सर्व्हर आधी आपली ओळख सांगतो. मग मेल कोणाकडून, कोणासाठी, ते सांगतो. समोरचा दर वेळी 250 म्हणतो, म्हणजे "ठीक, पुढे बोला." DATA नंतर मजकूर जातो, आणि संपल्याची खूण काय, तर एका ओळीत एकटा टिंब. त्यानंतर पुन्हा 250 आलं की जबाबदारी अनिलच्या सर्व्हरची. समोरून काहीच उत्तर आलं नाही, तर मीराचा सर्व्हर थांबून थांबून, अगदी काही दिवस, प्रयत्न करत राहतो. मग हात टेकतो आणि तिला 'मेल पोहोचला नाही' असं कळवतो.

एक गोष्ट खटकली का? "मी मीराकडून आलोय" हे त्याने नुसतं सांगितलं. पुरावा कुठे दिला? मुळात मागितलाच जात नव्हता. शिवाय मेलच्या आत 'From' असं जे दिसतं, ते वेगळंच लिहिलेलं असतं. पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्राखाली दुसऱ्याच नावाची सही, तसा प्रकार. बँकेच्या नावाने येणारे खोटे मेल याच फटीतून घुसतात. ती बुजवायला नंतर एसपीएफ आणि डीकेआयएम आले. कोणत्या सर्व्हरना आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा आहे, ती यादी एसपीएफमध्ये जाहीर करतात. डीकेआयएम मेलवर गणिती सही करतो. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. तपासणीत नापास झालेला मेल स्पॅममध्ये जातो किंवा दारातूनच परत फिरतो.

पास झाला की तो अनिलच्या खात्यात पडतो, आणि त्याच्या फोनवरचं ॲप सर्व्हरवरून तो उचलतं. प्रवास संपला.

(पडद्यावर: मेलचा मेनू, 'Show original'.)

हे सगळं तुम्हाला स्वतः बघता येतं. कुठलाही आलेला मेल उघडा आणि मेनूत 'Show original' किंवा तशा अर्थाचा पर्याय शोधा. तिथे Received ने सुरू होणाऱ्या नोंदी दिसतील. प्रत्येक सर्व्हर आपली नोंद वेळेसकट सगळ्यात वर चिकटवतो, तेव्हा वाचायचं खालून वर. दोन नोंदींमध्ये बराच वेळ गेलेला दिसला, तर मेल तिथेच रखडला होता. मात्र खालच्या नोंदी पाठवणारा खोट्याही लिहू शकतो. भरवसा ठेवायचा तो आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लावलेल्या, वरच्या नोंदींवर.