नेटवर्क नोंदवही: करसल्लागार कार्यालय, गावभाग, सांगली (दुसरा मजला)

सुधारित प्रत, ५ एप्रिल २०२५. ताबा: कार्यालय व्यवस्थापक. मुद्रित प्रत रॅकच्या दारामागील खिशात, दुसरी प्रत वरिष्ठ भागीदारांच्या घरी आणि मूळ फाईल नॅसवरील `Office-Admin` फोल्डरमध्ये ठेवली आहे.

महिन्याच्या २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे भरायची असताना इंटरनेट बंद पडले आणि नेहमीचा तंत्रज्ञ गावाला गेलेला असला, तरी कार्यालयात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या जाणकाराला कोणालाही फोन न करता काम सुरू करून देता यावे, एवढ्यासाठी ही वही आहे. त्यामुळे काय कोठे आहे याबरोबरच ते तसे का ठेवले आहे, हेही शक्य तेथे लिहिले आहे. कारण माहीत नसलेली व्यवस्था नवा माणूस चुकीची समजून बदलतो, आणि त्या बदलाचा त्रास पुढे सगळ्या कार्यालयाला होतो.

इंटरनेट पुरवठादार

मुख्य जोडणी भारत संचार निगमच्या फायबरची आहे. तिचा वेग १०० एमबीपीएस असून कायमस्वरूपी पत्ता 203.0.113.46 हा आहे. ग्राहक क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४१७२ आहेत; पूर्ण क्रमांक, नोंदणीकृत मोबाईल आणि करारपत्र बिलांच्या निळ्या फाईलच्या पहिल्या पानावर आहे. तक्रार नोंदवताना हे तिन्ही विचारले जातात, म्हणून ती फाईल हाताशी घेऊनच फोन करावा आणि मिळालेला तक्रार क्रमांक या वहीच्या शेवटच्या पानावर वेळेसह लिहावा. राउटर या जोडणीवर पीपीपीओई पद्धतीने लॉगिन करतो. फायबरचे यंत्र केवळ ब्रिज म्हणून चालते, त्यामुळे ते रीसेट केल्यास त्याची ही मांडणी पुसली जाते आणि ती पुरवठादाराकडूनच पुन्हा करून घ्यावी लागते. त्या यंत्राचे रीसेटचे बटण कोणीही दाबू नये.

यंत्रावरील पॉन हा दिवा स्थिर हिरवा असावा. लॉसचा दिवा लाल झाला, तर बिघाड फायबरमध्ये आहे आणि कार्यालयात काहीही चालू-बंद करून तो सुटणार नाही. जोडणीच्या दिवशी यंत्राच्या पानावर प्रकाशाची पातळी उणे १९.४ डीबीएम दिसत होती. पुढे ती उणे २५ च्या आसपास गेलेली दिसली, तर जोडणी चालू असली तरी तक्रार द्यावी, कारण वाकलेली किंवा सैल झालेली फायबर पूर्ण बंद पडण्याआधी अशीच हळूहळू क्षीण होते.

दुसरी जोडणी स्थानिक केबलचालकाची ५० एमबीपीएसची आहे आणि तिला कायमचा पत्ता नाही. ती मुद्दाम वेगळ्या वाटेने, इमारतीच्या मागील बाजूने गच्चीवरून आणली आहे. मुख्य फायबर तळमजल्यावरील मीटरच्या खोलीतून वर येते आणि २०१९ व २०२१ च्या पुरांचा अनुभव घेतलेल्या या शहरात दोन्ही तारा तळमजल्यावर एकाच भिंतीत असणे योग्य ठरले नसते. मीटरच्या खोलीतील फायबरची डबीसुद्धा जमिनीपासून सात फुटांवर बसवून घेतली आहे. दुरुस्तीच्या वेळी ती खाली घेऊ देऊ नये. मुख्य जोडणी तुटल्यावर राउटर सुमारे एका मिनिटात दुसरीवर जातो, मात्र त्या काळात घरून व्हीपीएनने काम करणाऱ्यांना कार्यालयात शिरता येत नाही, कारण त्यांचा मार्ग कायमच्या पत्त्यावर अवलंबून आहे.

उपकरणांची यादी

खरेदीची बिले निळ्या फाईलमध्ये याच क्रमाने लावली आहेत. अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक उपकरणावरील चिकटपट्टीशी ताडून पाहावेत.

| क्र. | उपकरण | जागा | पत्ता | अनुक्रमांक | हमी संपते |
|---|---|---|---|---|---|
| १ | मुख्य फायबरचे यंत्र | रॅक | ब्रिज | ०८८३ | पुरवठादाराचे |
| २ | केबलचालकाचे यंत्र | रॅक | त्याचा स्वतःचा | ५५१० | पुरवठादाराचे |
| ३ | राउटर व फायरवॉल | रॅक | `10.40.10.1` | ७२४६ | जुलै २०२७ |
| ४ | २४ पोर्टचा स्विच, पीओईसह | रॅक | `10.40.10.2` | ३३९१ | जुलै २०२७ |
| ५ | वाय-फाय, मोठे दालन | छत | `10.40.10.3` | १६०४ | जुलै २०२६ |
| ६ | वाय-फाय, भागीदारांची बाजू | छत | `10.40.10.4` | १६०५ | जुलै २०२६ |
| ७ | नॅस, दोन डिस्क | रॅक | `10.40.10.10` | ९०२७ | मार्च २०२६ |
| ८ | टॅलीचा सर्व्हर | रॅकशेजारी | `10.40.10.11` | ४४१८ | संपली |
| ९ | मोठा प्रिंटर व स्कॅनर | मोठे दालन | `10.40.10.20` | ६७३० | वार्षिक करार |
| १० | छोटा प्रिंटर | भागीदारांची बाजू | `10.40.10.21` | २२५९ | संपली |
| ११ | हजेरीचे यंत्र | दार | `10.40.10.30` | ८१४२ | संपली |
| १२ | कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर | रॅक | `10.40.30.10` | ३०७७ | जून २०२६ |
| १३ | यूपीएस, १ केव्हीए | रॅकखाली | नाही | ५९६३ | बॅटरी बदल: ऑगस्ट २०२४ |

पहिली दोन उपकरणे आपली नाहीत. सेवा बंद केल्यास ती परत द्यावी लागतात आणि त्यांची पावती घ्यावी लागते. आठव्या क्रमांकाचा सर्व्हर जुना असून त्याच्या बदलाची तरतूद यंदाच्या खर्चात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे: कार्यालयातील अकराही संगणक टॅलीचा परवाना त्याच्याकडूनच, पोर्ट `9999` वर घेतात, त्यामुळे तो बंद पडला तर सगळ्यांचे काम एकदम थांबते. नवा सर्व्हर आणला तरी पत्ता `10.40.10.11` हाच ठेवावा, म्हणजे प्रत्येक संगणकावर जाऊन परवान्याची मांडणी बदलावी लागणार नाही.

पत्त्यांची योजना

| जाळे | व्हीलॅन | पत्ते | वाटप |
|---|---|---|---|
| कार्यालय | 10 | `10.40.10.0/24` | .१ ते .९९ कायमचे, .१०० ते .१८० आपोआप |
| पाहुणे | 20 | `10.40.20.0/24` | सर्व आपोआप, फक्त इंटरनेट |
| कॅमेरे | 30 | `10.40.30.0/24` | सर्व कायमचे, इंटरनेट बंद |

पत्त्यातील तिसरा अंक म्हणजे व्हीलॅनचा क्रमांक, एवढे लक्षात ठेवले की योजना पाठ होते. बहुतेक घरगुती राउटरांवर आधीपासून असणारे `192.168.0.0` आणि `192.168.1.0` हे पत्ते आम्ही जाणूनबुजून टाळले आहेत. कर्मचाऱ्याच्या घरचे जाळे आणि कार्यालयाचे जाळे एकाच पत्त्याचे असले, तर व्हीपीएन जोडले गेल्यासारखे दिसते, पण नॅस उघडत नाही, कारण संगणक तो घरातच शोधत राहतो.

प्रिंटर आणि हजेरीचे यंत्र यांचे पत्ते त्या यंत्रांवर टाइप केलेले नाहीत. ते राउटरमध्ये त्यांच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवले आहेत. राउटर, स्विच, नॅस आणि सर्व्हर यांचे पत्ते मात्र त्या त्या उपकरणावरच लिहिलेले आहेत, म्हणजे राउटर बंद असतानाही ते एकमेकांना सापडतात. `10.40.10.31` ते `10.40.10.99` हे पत्ते मोकळे आहेत. त्यातील एखादा वापरला, तर त्याच दिवशी येथे लिहावा.

सर्व उपकरणांची घड्याळे `samay1.nic.in` आणि `samay2.nic.in` यांच्याशी जुळवली आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ अशी जुळवणे, नोंदी १८० दिवस भारतात जपणे आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आवश्यक आहे. राउटरच्या नोंदी त्यासाठी नॅसवरील `Logs` फोल्डरमध्ये जातात. घटना `incident@cert-in.org.in` येथे कळवायची असून तो निर्णय वरिष्ठ भागीदारांनी घ्यायचा आहे, पण त्यांना उठवण्यासाठी सकाळची वाट पाहू नये.

केबलची लेबले

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना, प्लगपासून चार बोटे अंतरावर, गुंडाळून बसणारे छापील लेबल आहे आणि त्यावर पॅचपॅनेलच्या पोर्टचाच क्रमांक आहे. भिंतीवरील सॉकेटवरही तोच क्रमांक आहे. माणसाचे नाव किंवा टेबलाची जागा लेबलवर कधीही लिहू नये. माणसे टेबले बदलतात, भिंतीतील तार बदलत नाही. पॅनेलचा ०७ क्रमांकाचा पोर्ट स्विचच्या ०७ मध्येच जातो, आणि हा नियम २० पर्यंत कोठेही मोडलेला नाही.

०१ ते ११ ही संगणकांची सॉकेटे आहेत. १२ वर मोठा प्रिंटर, १३ वर छोटा प्रिंटर आणि १४ वर हजेरीचे यंत्र आहे. १५ व १६ छतावरील वाय-फायसाठी असून त्यांना वीज याच तारेतून जाते, म्हणून तपासणीसाठी या दोन तारा इतर कोणत्याही पोर्टात लावू नयेत. १८ ते २० हे तीन कॅमेरे. २१ नॅस, २२ टॅलीचा सर्व्हर, २३ रेकॉर्डर आणि २४ राउटरकडे जाते. हे चार पॅनेलमधून न जाता थेट स्विचवर आहेत आणि त्यांची लेबले पिवळी आहेत. निळ्या तारा संगणकांच्या, करड्या कॅमेऱ्यांच्या.

सर्व तार कॅट-६ असून सर्वात लांब धाव, म्हणजे दाराजवळील १४, सुमारे ३८ मीटर आहे, त्यामुळे ९० मीटरच्या मर्यादेची चिंता नाही. दोन्ही टोके बी पद्धतीने दाबली आहेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवी तार टाकणाऱ्याने हाच क्रम ठेवावा.

१७ क्रमांकाची तार भिंतीत शिरते, पण तिचे दुसरे टोक अद्याप सापडलेले नाही. स्विचवर हा पोर्ट बंद ठेवला आहे. टोक मिळेपर्यंत तो चालू करू नये.

बंद पडल्यावर पाहण्याचा क्रम

प्रथम यूपीएस आणि दिवे पाहावेत, मग तारेने जोडलेल्या कोणत्याही संगणकावर पुढील आज्ञा क्रमाने द्याव्यात.

```
ping 10.40.10.2
ping 10.40.10.1
ping 8.8.8.8
nslookup gst.gov.in
```

पहिलीला उत्तर नसेल तर तार किंवा स्विच, दुसरीला नसेल तर राउटर, तिसरीला नसेल तर दोन्ही जोडण्या आणि केवळ चौथीला नसेल तर नावे शोधणारी सेवा तपासावी. वाय-फायवरून ही तपासणी करू नये, कारण मग बिघाड वाय-फायचा की पुढचा, हे समजत नाही.

पासवर्ड या वहीत नाहीत. ते पासवर्ड व्यवस्थापकात आहेत आणि राउटर, स्विच व नॅस यांचे तीन पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात, भागीदारांच्या लोखंडी कपाटात आहेत. लिफाफा उघडल्यास तारीख व सही करून तिन्ही बदलावेत आणि नवा लिफाफा ठेवावा. राउटर व स्विच यांच्या मांडणीची फाईल प्रत्येक बदलानंतर `Office-Admin\Config` मध्ये तारखेच्या नावाने साठवली जाते.

बदलांची नोंद

| दिनांक | बदल | कारण |
|---|---|---|
| १४ जुलै २०२४ | राउटर, स्विच व दोन्ही वाय-फाय नवे | जुना राउटर दोन जोडण्या सांभाळत नव्हता |
| १८ ऑगस्ट २०२४ | यूपीएसची बॅटरी | वीज गेल्यावर चार मिनिटांत बंद |
| १ डिसेंबर २०२४ | कॅमेरे वेगळ्या जाळ्यात | रेकॉर्डर बाहेरील पत्त्यांशी संपर्क करत होता |
| ५ एप्रिल २०२५ | छोट्या प्रिंटरचा पत्ता .२५ वरून .२१ | प्रिंटरांचे पत्ते सलग ठेवण्यासाठी |

जीएसटीची ११ व २० तारीख, तसेच जुलै, सप्टेंबर व ऑक्टोबर यांचा अखेरचा आठवडा या काळात दुरुस्तीखेरीज कोणताही बदल करू नये. रविवारी सकाळी केलेल्या बदलाची नोंद त्याच दिवशी, रॅकचे दार लावण्यापूर्वी, या तक्त्यात व्हावी आणि घरच्या प्रतीतही ती पुढच्या सोमवारपर्यंत उतरवावी.