रिः ऑफर लेटर, सिनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह: ऑफर स्वीकारतेय, जॉइनिंग ५ ऑक्टोबर

नमस्कार मृणाल मॅडम,

ऑफर लेटर मिळालं, काल रात्री ॲनेक्शरसकट नीट वाचून काढलं. ऑफर मी आनंदाने स्वीकारतेय. सही केलेली पीडीएफ सोबत जोडलीये, प्रत्येक पानावर सही आहे, आणि एचआर पोर्टलवरचं ॲक्सेप्टचं बटणही दाबलंय, तिकडे स्टेटस बदललेलं दिसतंय का तेवढं बघाल.

फोनवरचं आणि लेटरमधलं एकच आहे ना याची खात्री म्हणून मला समजलेलं इथे लिहितेय, काही चुकत असेल तर याच मेलवर सांगा. पोस्ट सिनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, रिपोर्टिंग फायनान्स मॅनेजरना, फिक्स्ड वर्षाला ७,२०,००० आणि त्यावर व्हेरिएबल जास्तीत जास्त ६०,०००, म्हणजे एकूण सीटीसी ७,८०,०००. प्रोबेशन सहा महिने, त्यात नोटीस ३० दिवस, कन्फर्म झाल्यावर ६० दिवस. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. यातली घरून कामाची गोष्ट तुम्ही फोनवर सांगितलीत पण लेटरमधे कुठेच नाहीये, तेव्हा रिप्लायमधे एक ओळ टाकलीत तरी पुरे. आणि व्हेरिएबल दर सहा महिन्यांनी मिळतं असं बोलणं झालं होतं, लेटरमधे मात्र वर्षातून एकदा असं आहे, दोन्हींतलं कुठलं धरायचं?

पीएफचंही एक विचारायचंय (अकाउंट्सवाली आहे, आकडे बघितल्याशिवाय राहवत नाही!). बेसिक महिन्याला ३०,००० आहे आणि कंपनीचा पीएफ १,८०० दाखवलाय, म्हणजे १५,००० च्या सिलिंगवर १२ टक्के काढलेत. आत्ता माझा पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो आणि पुढेही तसाच चालू ठेवायला आवडेल, म्हणजे माझे ३,६०० आणि कंपनीचे ३,६००. कंपनीचा वाटा सीटीसीमधूनच जाणार असल्यामुळे हातात येणारे महिन्याला ३,६०० कमी होतील हे मला माहितीये, ते चालेल. पण हा पर्याय जॉइन होतानाच द्यावा लागत असेल तर फॉर्म आधीच पाठवा. यूएएन जुनाच आहे, नवीन काढू नका प्लीज.

आता जॉइनिंगचं. आज सकाळीच, ३ ऑगस्टला, राजीनामा दिलाय. ६० दिवसांची नोटीस २ ऑक्टोबरला संपते, पण त्या दिवशी सुट्टी आहे, त्यामुळे प्रत्यक्ष शेवटचा दिवस १ तारीख, गुरुवार. म्हणजे सोमवारी ५ ऑक्टोबरला जॉइन व्हायला काही अडचण नाही. फक्त सप्टेंबरअखेरचं क्लोजिंग इथे उरकूनच निघणार आहे, अर्ध्यात टाकून जाणं बरं दिसत नाही, त्यामुळे त्या आधीच्या तारखेचा आग्रह नको. अडचण आहे ती रिलिव्हिंग लेटरची, आमच्याकडे ते फुल अँड फायनल झाल्यावरच देतात आणि त्याला महिना दीड महिना लागतो. पहिल्या दिवशी राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि शेवटच्या तीन सॅलरी स्लिप दिल्या तर चालेल ना? रिलिव्हिंग लेटर हातात आलं की लगेच जमा करीन.

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बाहेरच्या एजन्सीकडून होतं असं म्हणाला होतात. त्यांना एवढंच सांगा की आत्ताच्या कंपनीत १ ऑक्टोबरनंतरच फोन करा, तोवर आधीच्या कंपनीचं आणि डिग्रीचं उरकून घेऊ देत. रेफरन्ससाठी दोघांची नावं, नंबर त्यांना विचारून पाठवते.

कागदपत्रांची यादी एकदा मेल कराल का? आधार, पॅन, मार्कशीट, फोटो, कॅन्सल्ड चेक एवढं काढून ठेवलंय. ओरिजिनल फक्त दाखवायची आहेत की जमा करायची आहेत ते सांगा, जमा करायची असतील तर त्याच दिवशी परत मिळावीत एवढीच विनंती. मेडिकल टेस्ट करायची असेल तर तुमच्या ठरलेल्या लॅबमधेच का, आणि रिपोर्ट किती जुना चालतो? इन्शुरन्समधे आईबाबांना घालता येतं का आणि नावं किती दिवसांत द्यायची असतात तेही कळवा, ती मुदत एकदा हुकली की पुढच्या रिन्युअलपर्यंत थांबावं लागतं म्हणून विचारतेय. आधीच्या पगाराचं आणि टीडीएसचं डिक्लेरेशन ऑक्टोबरच्या पेरोलआधी देईन, कटऑफ कितीला असतो?

पहिल्या दिवशी किती वाजता यायचं, गेटवर कोणाचं नाव सांगायचं आणि लॅपटॉप तेव्हाच मिळेल का, हे सप्टेंबरच्या शेवटी कळवलंत तरी चालेल. पीएफ आणि व्हेरिएबलचं मात्र या आठवड्यात कळलं तर बरं होईल. फोन सहानंतर केलात तर निवांत बोलता येईल, दिवसा ऑफिसमधे असते.

इंटरव्ह्यूपासून प्रत्येक वेळी तुम्ही स्वतःहून अपडेट दिलेत, त्याबद्दल मनापासून थँक्यू. सरांनाही माझा नमस्कार सांगा.

आपली,
अमृता

सोबत: सही केलेलं ऑफर लेटर आणि ॲनेक्शर