अल्बममधले पाहुण्यांचे फोटो काढण्याबद्दल

ताई, दादा, नमस्कार. मेसेज मोठा आहे पण दोघांनीही पूर्ण वाचा प्लीज, कारण शेवटी मला तुमच्याकडून एक उत्तर हवंय.

लग्नाच्या पब्लिक अल्बमची लिंक आपण मागच्या रविवारी सगळ्यांना पाठवली, त्यात 640 फोटो आहेत. काल आणि आज मिळून मला तीन जणांचे मेसेज आले की आमचे फोटो त्यातून काढा. मी कोणालाच कारण विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. माणूस लग्नाला आला म्हणजे त्याचा चेहरा इंटरनेटवर कोणीही बघावा याला त्याने होकार दिला असं होत नाही. कोणाला ऑफिसात कळू द्यायचं नसेल, कोणी एखाद्या नकोशा माणसापासून लांब राहत असेल, कोणाला नुसता फोटो आवडला नसेल, काहीही असू शकतं. तुम्हीही त्यांना विचारू नका एवढी विनंती आहे, आणि म्हणूनच नावं मी इथे लिहीत नाहीये.

आता काय केलंय ते सांगते. एकट्याचे फोटो होते ते नऊ, ते सगळे काढून टाकले. ज्या फोटोत तुम्ही दोघं पुढे आहात आणि ती व्यक्ती मागे कडेला आहे असे पाच होते, ते क्रॉप करून परत टाकलेत, फ्रेम थोडी टाइट झालीय पण फोटो बिघडलेला नाही. चेहरा ब्लर करायचा पर्याय होता, तो मी मुद्दाम टाळला, कारण वीस हसऱ्या चेहऱ्यांत एकच धूसर दिसला की सगळ्यांची नजर नेमकी तिथेच जाते आणि हे कोण, असं का केलं, ही चर्चा सुरू होते.

लहान मुलांचं वेगळं आहे, तिथे आई-बाबांनी सांगितलं की बास. तो एक फोटो आठवतोय का, दोन खुर्च्या जोडून झोपलेली छोटी मुलगी, एक बूट पायात आणि दुसरा हातात घट्ट धरलेला? मला तो संपूर्ण दिवसातला सगळ्यात आवडलेला फोटो आहे. तिच्या आईने काढायला सांगितला, मी काढला. तुमच्या प्रायव्हेट फोल्डरमध्ये तो आहे आणि तिच्या आईलाही मी फुल साइज पाठवलाय.

म्हणजे तुमचं काही गेलेलं नाही हे लक्षात घ्या. पेनड्राइव्हवर आणि पासवर्डवाल्या फोल्डरमध्ये सगळे फोटो जसेच्या तसे आहेत, छापील अल्बमही ठरलाय तसाच होईल, बदल फक्त पब्लिक लिंकमध्ये आहे.

माझ्या हातात नाही ते पण सांगते. या चार-पाच दिवसांत कोणी फोटो डाउनलोड करून ग्रुपवर टाकले असतील तर ते मला परत आणता येणार नाहीत. गूगलच्या सर्चमध्ये एखादा फोटो आला असेल तर तिथूनही तो लगेच जाईलच असं नाही, थोडे दिवस छोटा थंबनेल दिसत राहू शकतो, तसं कुठे दिसलं तर मला स्क्रीनशॉट पाठवा, मी काढायची रिक्वेस्ट टाकते. लिंक सर्चमध्ये येऊ नये ही सेटिंग आणि डाउनलोड बंद हे दोन्ही मी आज केलंय. खरं तर लिंक द्यायच्या आधीच करायला हवं होतं आणि पाहुण्यांना विचारायची गोष्ट तुमच्याशी आधी बोलायला हवी होती, ते राहिलं, त्याबद्दल मनापासून सॉरी.

यापुढे कोणी तुम्हाला थेट सांगितलं तर फोटोचा नंबर नाहीतर स्क्रीनशॉट मला फॉरवर्ड करा, 48 तासांत काढते, याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त विनंती त्या व्यक्तीची स्वतःची हवी. परवा एकाने दुसऱ्याच कोणाचा फोटो काढा म्हणून सांगितलं, ते मी केलं नाही, त्यांना म्हटलं ज्यांचा आहे त्यांनाच मेसेज करू दे. आणि तुमच्या स्वतःच्या पोस्टमध्ये या तिघांपैकी कोणी असेल तर ते मला इथून काढता येणार नाही, ताईंच्या पोस्टमधला चौथा फोटो तेवढा काढाल का प्लीज?

आता मुख्य प्रश्न. 0412 आणि 0415 हे दोन मोठे ग्रुप फोटो, दोन्हीकडचं सगळं घर एकत्र आहे असे तेवढेच. त्यात तिघांपैकी एकजण बरोबर मधोमध उभे आहेत, क्रॉप होतच नाही. मला ते दोन्ही पब्लिक लिंकमधून काढून प्रायव्हेट फोल्डरमध्येच ठेवावेत असं वाटतं आणि ज्या नातेवाइकांना हवेत त्यांना तुम्ही स्वतः पाठवा. पण त्या आधी तुम्हाला त्यांच्याशी एकदा बोलून बघायचं असेल तर मी त्यांना विचारते की तुम्ही फोन केलेला चालेल का, त्यांची हरकत नसेल तरच नंबर देते. तोपर्यंत ते दोन फोटो मी हाइड करून ठेवलेत. उद्या संध्याकाळपर्यंत दोघांनी ठरवून कळवा.