सिंकची जागा बदलण्याबाबत

दिनांक : 13 जून 2025

प्रति,
सौ. जोगळेकर,
कोथरूड, पुणे

विषय : सिंक खिडकीखाली घेण्याचे वाढीव काम व त्याचा खर्च

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी साइटवर आपण सिंक खिडकीखाली घेण्याविषयी बोललात. भांडी घासताना उजेड हवा आणि शेगडीशेजारी चिरायला मोकळी जागा हवी, हे पटण्यासारखंच आहे. पण हे काम ठरलेल्या रकमेत करून देणं मला जमणार नाही. 28 एप्रिलच्या वर्क ऑर्डरमध्ये ‘ओटा व प्लंबिंगची जुनी जागा कायम’ असं लिहिलं आहे आणि दर त्यावरच काढला होता. शिवाय 2 जूनला आपण सही केलेल्या ड्रॉइंगप्रमाणे ट्रॉल्यांचं प्लायही कापून झालं आहे.

‘एक पाइप तर सरकवायचा’ असं काका म्हणाले. पाइपच खरी अडचण आहे. ड्राय बाल्कनीच्या डक्टपासून खिडकी सात फूट लांब. सांडपाण्याच्या पाइपला चाळीसास एक असा उतार दिला, तर तेवढ्यातच दोन इंच जातात. उतार कमी ठेवला की खरकटं साचून पाइप तुंबणार, आणि दर वेळी प्लंबर शोधायची पाळी तुमच्यावर येणार. पाइप ओट्याखालून भिंतीलगत न्यावा लागेल, त्यामुळे मधल्या दोन ट्रॉल्या मागून चार इंच आखूड होतील. हे आधीच सांगितलेलं बरं.

तरीही करायचं असेल, तर वाढीव काम म्हणून जरूर करतो. खर्च असा :

तोडफोड व राडारोडा उचलणे : ₹6,500
नळ व सांडपाण्याचं प्लंबिंग : ₹11,000
ग्रॅनाइट, सिंकच्या कटिंगसह : ₹14,500
टाइल्स व वॉटरप्रूफिंग : ₹9,000
सिंकखालचं कपाट नवीन व दोन ट्रॉल्यांत बदल : ₹13,000
एकूण ₹54,000, 18 टक्के जीएसटी ₹9,720 धरून ₹63,720.

सिंक आणि नळ सध्याचेच वापरू. टाइल्सची शेड मात्र जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. सोसायटीत तोडफोडीला दुपारी आवाज चालत नाही, म्हणून घराचा ताबा 10 जुलैऐवजी 21 जुलैला मिळेल.

केवळ उजेडाचाच प्रश्न असेल, तर वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी बसवू. तिचे जीएसटीसह ₹5,664 होतील आणि तारीख हलणार नाही. माझं मत विचाराल, तर हेच करा.

शुक्रवार, 20 जूनपर्यंत कळवावं. सिंक हलवायचं ठरलं, तर या पत्राच्या प्रतीवर सही करून वाढीव रकमेच्या निम्मे आगाऊ द्यावेत, की लगेच काम सुरू करतो. तोवर ओट्याचं काम थांबवलं आहे. बेडरूमची कपाटं आणि हॉलचं सीलिंग चालूच राहील.

काकांना नमस्कार सांगावा.

आपला,
मिलिंद साठे
इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टर