गुलाबी बोंडअळी, पीकशास्त्राच्या वहीतली पान 9 ते 14, ऐकून वाचायची प्रत

## आधी ही प्रत कशी वाचायची ते

वहीत सरांनी जे लिहून दिलं ते सगळं यात आहे, काही गाळलं नाही. वहीचं पान बदललं की तिथं "पान 10" असं वेगळ्या ओळीत लिहिलंय, म्हणजे वर्गात सर म्हणाले की पान अकरा काढा तर तुला सर्च करून लगेच तिथं जाता येईल. लॅपटॉपवर एनव्हीडीएमधे H दाबलं की पुढचं हेडिंग, Shift आणि H दाबलं की मागचं. मोठे विषय सगळे दुसऱ्या लेव्हलचे आहेत म्हणून नुसतं 2 दाबत गेलीस तरी चालेल, चित्रं तिसऱ्या लेव्हलला आहेत, फक्त चित्रंच उजळणी करायची असतील तर 3 दाब.

वहीत बाण आणि चौकोन खूप आहेत. बाणाच्या जागी मी "त्यातून", "त्यानंतर" असे शब्द टाकलेत, कारण बाणाचं चिन्ह आवाजात नीट येत नाही, मधेच गिळलं जातं. लाल पेनानं खूण केलेल्या ओळीच्या आधी "महत्त्वाचं" लिहिलंय. माझं स्वतःचं काही असेल तर ते "टाइप करताना" या शब्दांनी सुरू होतं, म्हणजे सरांचं कोणतं आणि माझं कोणतं यात घोळ नको.

पान 9

## ओळख

आपल्याकडे शेंदरी अळी म्हणतात, पुस्तकात गुलाबी बोंडअळी. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, स्पेलिंग Pectinophora gossypiella. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल.

महत्त्वाचं: ही अळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. बाहेरून बोंड हिरवं, चांगलं दिसतं. कास्तकाराला कळतं तोपर्यंत वेळ गेलेली असते. फवारा पण आत पोचत नाही.

अळी आत शिरताना जे छिद्र पाडते ते अगदी बारीक असतं आणि बोंड वाढताना बुजून जातं. बाहेर पडताना मात्र गोल, स्वच्छ छिद्र राहतं. कापूस पिवळट, डागाळलेला निघतो, सरकी पोकळ होते, वजन घटतं आणि बाजारात ग्रेड पडतो.

### चित्र 1, बोंडाचा आडवा छेद

पान 9 च्या खालच्या अर्ध्यात आहे. एक मोठं वर्तुळ, म्हणजे बोंड मधोमध आडवं कापून वरून पाहिलंय. वर्तुळाची रेघ दुहेरी आहे, दोन रेघांमधली जागा म्हणजे बोंडाची साल. आत मध्यापासून कडेपर्यंत चार रेघा गेल्यात, त्यामुळे चार कप्पे झाले. प्रत्येक कप्प्यात तीन-चार लांबट गोल, ती सरकी, आणि सरकीभोवती बारीक रेघा म्हणजे कापूस.

उजव्या बाजूच्या कप्प्यात अळी काढलीय. तिचं डोकं एका सरकीत घुसलंय, बाकी शरीर कापसात. त्याच कप्प्याच्या सालीवर आतल्या बाजूनं एक फोड दाखवलाय, अळी शिरली ती जागा, आणि बाहेरच्या बाजूला त्याच ठिकाणी काहीच नाही. बाकी तीन कप्पे निरोगी. चित्रात चार नावं आहेत: साल, कापूस, सरकी, अळी.

टाइप करताना: तुमच्या गोठ्याजवळ मागच्या वर्षीच्या पऱ्हाटीची गंजी आहे ना, तिथून एक फुटलेलं वाळकं बोंड आणून हातात धर. चार टोकं बोचतात, ते चार कप्पे उघडलेले. एका कप्प्यात अंगठा घालून पाहशील तर सालीची आतली बाजू गुळगुळीत लागते, अळी शिरलेली असेल तर तिथंच खरखरीत उंचवटा लागतो. कडक, न उघडलेलं बोंड मिळालं तर त्याला पण बोट फिरव, बाहेर पडायचं छिद्र असेल तर लागेल. देठाजवळची तीन कातरलेली पानं चुरा होतात, जपून.

चित्र 1 संपलं.

पान 10

## जीवनक्रम

चार अवस्था: अंडी, अळी, कोष, पतंग. एक पिढी पूर्ण व्हायला साधारण एक महिना, थंडी-उन्हाप्रमाणे कमीजास्त. एका हंगामात बऱ्याच पिढ्या होतात म्हणून सुरुवातीला दिसली नाही तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे एकदम वाढते.

### चित्र 2, जीवनक्रमाचं वर्तुळ

घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं, चार जागी चार अवस्था आहेत.

12 च्या जागी अंडी. मादी पातं, फूल आणि कोवळ्या बोंडावर घालते, बोंडाच्या देठाजवळच्या पानांखाली जास्त. एकेकटी किंवा थोडी थोडी एकत्र. साधारण 4 ते 5 दिवसांत फुटतात.

3 च्या जागी अळी. आधी पांढरट, डोकं गडद. मोठी झाली की अंगावर गुलाबी पट्टे येतात, तेव्हाच तिला गुलाबी म्हणतात, त्यामुळे लहान अळी पांढरी दिसली तरी ती वेगळी कीड नव्हे. पूर्ण वाढलेली 10 ते 12 मिलिमीटर, म्हणजे तुझ्या करंगळीच्या नखाएवढी लांब.

6 च्या जागी कोष. तपकिरी. मातीत, पालापाचोळ्यात किंवा कापसात. सुमारे आठवडाभर.

9 च्या जागी पतंग. लहान, राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळसर ठिपके. दिवसा लपतो, रात्री उडतो. तिथून परत 12 वर.

3 आणि 6 च्या मधून एक तुटक रेघ वर्तुळाबाहेर जाते, तिथं लिहिलंय "सुप्तावस्था". हंगाम संपताना काही अळ्या कोषात न जाता सरकीतच झोपून राहतात, दोन सरक्या धाग्यानं जोडून आत. महिनोन्‌महिने. पुढच्या हंगामात तिथूनच पतंग निघतात. महत्त्वाचं: जोडसरकी शब्द परीक्षेत लिहायचा.

चित्र 2 संपलं.

पान 11

## डोमकळी

### चित्र 3, चांगलं फूल आणि डोमकळी

दोन फुलं शेजारी-शेजारी. डावीकडचं चांगलं, पाकळ्या उघडून बाहेर पसरलेल्या. उजवीकडचं डोमकळी, पाकळ्यांची टोकं एकमेकात अडकलेली, फूल उघडतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं गुंडाळलेलं राहतं. अळी आतून धाग्यानं पाकळ्या बांधते आणि आत बसून खाते. सरांनी उजवीकडच्या फुलात एक छोटी रेघ काढून "अळी इथं" लिहिलंय.

टाइप करताना: यात रंगाचं काही काम नाही, फक्त आकार. वावरात हातानं ओळखता येते. चांगल्या फुलात बोट सरळ आत जातं, डोमकळीत टोकाशीच अडतं.

चित्र 3 संपलं.

डोमकळी दिसली की लगेच तोडून अळीसकट नष्ट करायची, नुसती धुऱ्यावर फेकायची नाही.

## तीन बोंडअळ्यांमधला फरक

वहीत हा तक्ता आहे, तीन उभे रकाने. रकाने ऐकताना तू कोणत्या अळीवर आहेस ते हरवतं म्हणून एकेक अळी सलग लिहिलीय.

अमेरिकन, म्हणजे हिरवी बोंडअळी. नाव Helicoverpa armigera. तिघींत मोठी. डोकं बोंडात आणि अर्धं शरीर बाहेर ठेवून खाते. छिद्र मोठं, बाहेरून दिसतं.

ठिपक्यांची बोंडअळी. नाव Earias vittella. आधी कोवळा शेंडा पोखरते, शेंडा वाळून लोंबतो. नंतर पाते आणि बोंड.

गुलाबी बोंडअळी. पूर्ण आत. बाहेरून कळत नाही. सरकी खाते.

पान 12

## बीटी कापूस आणि अळी

बीटी म्हणजे मातीतला जिवाणू, Bacillus thuringiensis. त्याचा जनुक कापसात टाकलाय, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारणारं प्रथिन बनवतं. भारतात 2002 मधे एका जनुकाचं बीटी आलं, क्राय वन एसी, लिहिताना Cry1Ac. 2006 मधे दोन जनुकांचं, त्यात Cry2Ab वाढलं.

हिरव्या बोंडअळीवर चांगला परिणाम झाला. पण गुलाबी अळी प्रतिकारक्षम झाली, आधी गुजरातमधे आढळलं, मग आपल्याकडे. 2017 मधे विदर्भात तिनं फार नुकसान केलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सरांनी यापुढे लिहून दिलंय: तोंडाला कापड, हातमोजे, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारायचं नाही, दोन औषधं मनानं मिसळायची नाहीत.

टाइप करताना: हे वाक्य वहीत समासात उभं लिहिलंय, सहज सुटून जाईल असं, म्हणून मी इथं पूर्ण जागा देऊन लिहिलं. माझ्या मते या धड्यातलं सगळ्यात कामाचं हेच आहे.

प्रतिकारशक्ती का वाढली: बीटीच्या भोवती बिगरबीटी कापूस, ज्याला आश्रय पीक म्हणतात, लावायला हवं होतं, क्षेत्राच्या 20 टक्के किंवा पाच ओळी यातलं जे जास्त असेल ते. बहुतेकांनी बिगरबीटी बियाण्याचं पाकीट पेरलंच नाही. आणि फरदड. पाणी देऊन डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला सतत खायला मिळतं.

पान 13

## नजर ठेवणं आणि उपाय

### चित्र 4, कामगंध सापळा

उभा काढलाय, वरून खाली ऐक. सगळ्यात वर थाळीसारखं गोल झाकण. झाकणाच्या खालून मधोमध एक छोटी गोळी लटकते, तिला ल्यूर म्हणतात, त्यात मादीच्या वासाचं रसायन, नाव गॉसिप्लुर. त्याखाली नरसाळं, रुंद तोंड वर. नरसाळ्याला खालून लांब प्लास्टिकची पिशवी, तळाशी गाठ मारलेली. बाजूला काठी, तिला सापळा बांधलेला. पिशवीत ठिपके काढलेत, ते पडलेले नर पतंग.

काम असं: नर वासानं येतो, झाकण आणि नरसाळ्याच्या फटीतून शिरतो, खाली घसरतो, परत वर येता येत नाही.

चित्र 4 संपलं.

पेरणीनंतर 45 दिवसांनी लावायचे, नजर ठेवायला हेक्टरी 5, म्हणजे एकरी 2. पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट वर. पीक वाढलं की सापळा पण वर सरकवायचा.

महत्त्वाचं: एका सापळ्यात एका रात्री 8 किंवा जास्त पतंग, असं सलग 3 रात्री आलं तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली.

### चित्र 5, सापळ्याचा आलेख

उभे खांब पाच, पाच रात्रींचे. आडव्या रेषेवर रात्र, उभ्या रेषेवर पतंगांची संख्या. 8 वर एक आडवी तुटक रेघ. आकडे सरांनी उदाहरणासाठी घेतलेत.

रात्र 1, पतंग 3.
रात्र 2, पतंग 5.
रात्र 3, पतंग 9.
रात्र 4, पतंग 8.
रात्र 5, पतंग 10.

तिसऱ्या रात्रीपासून खांब रेघेला टेकतात किंवा वर जातात, म्हणजे पाचव्या रात्रीनंतर उपाय करायचा, तिसऱ्या रात्रीच नाही.

चित्र 5 संपलं.

दुसरी पद्धत, एकरातून कुठूनही 20 हिरवी बोंडं तोडून फोडायची. 2 बोंडांत अळी निघाली तर 10 टक्के, उपाय करायची वेळ झाली.

पान 14

उपाय सरांनी एकाच लांब वाक्यात लिहून दिलेत, मी तसंच ठेवलं: जूनआधी पेरायचं नाही, आश्रय ओळी लावायच्या, सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क, पातळी ओलांडली तरच रासायनिक औषध आणि ते लेबलवरच्या प्रमाणात, डिसेंबरपर्यंत वेचणी संपवून पऱ्हाटी काढायची, उरलेली बोंडं जनावरांना चारायची किंवा जाळायची, खोल नांगरणी करायची, जिनिंगच्या आवारात सरकी साठली असेल तिथंही सापळे लावायचे.

शेवटच्या ओळीत सरांनी दोन प्रश्न दिलेत. एक, डोमकळी कशी ओळखाल. दोन, फरदड का घेऊ नये, तीन कारणं. दुसऱ्याची तिन्ही कारणं पान 10 आणि 12 मधून जुळतात, सुप्तावस्था, सततचं खाद्य, पिढ्या वाढणं.

पान 15 पासून मावा आणि तुडतुडे सुरू होतात, ती वेगळी फाइल करते, नाहीतर ही फार लांब होईल.